भर दुपारी शाळेची सावली कुठे जाते?

दरवर्षी मे महिन्यात ‘शून्य सावली दिवसा’ची बातमी येते. अंगणात बाटली उभी करायची, दुपारी साडेबाराच्या सुमारास ती बघायची आणि सावली गायब झाल्याचा फोटो काढायचा. पुण्यात हा दिवस १३-१४ मेच्या आसपास येतो, कोल्हापुरात आठवडाभर आधी, नागपुरात २६ मेच्या सुमारास. जुलै-ऑगस्टात सूर्य परतताना तो पुन्हा येतो, पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं म्हणून कुणाच्या लक्षात राहत नाही.

गंमत म्हणून आपण जे बघतो, तीच शाळेच्या पटांगणातली खरी अडचण आहे. बाटलीची सावली गेली, तशी भिंतीचीही गेलेली असते. दोन मजली इमारत उभी असली तरी तिच्या पायथ्याशी पोराला टेकायला सावलीचा पट्टा उरत नाही. मी स्थापत्य अभियंता आहे आणि शाळांच्या इमारती बघायला मला बऱ्याचदा जावं लागतं. ‘पटांगण एवढं मोठं आहे, इमारत नवी आहे, तरी मुलं मधल्या सुट्टीत बाहेर थांबत नाहीत’ ही तक्रार इतक्या ठिकाणी ऐकली, की हा हिशोब एकदा सगळ्यांना कळेल असा मांडावा असं वाटलं. त्यासाठी फक्त एक टेप लागते आणि पहिलीतलं एक पोर लागतं.

पोराच्या उंचीने मोजू

पहिलीतलं मूल साधारण पावणेचार फुटांचं, म्हणजे ४५ इंचांचं असतं. ते पटांगणाच्या मधोमध, ध्वजकट्ट्याजवळ उभं आहे असं धरू. पुण्यात डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी त्याची सावली ४० इंच पडते, म्हणजे जवळजवळ त्याच्याएवढी. २१ मार्चला ती १५ इंचांवर येते. एप्रिलच्या मध्यावर ७ इंच उरते, आणि मेच्या मध्यावर ती त्याच्या पायाखाली जाते.

क्षितिजापासून सूर्य किती अंश वर आला आहे, याला उन्नतांश म्हणतात. उगवताना तो शून्य असतो आणि सूर्य बरोबर डोक्यावर आला की नव्वद. पुण्यात भर दुपारचा उन्नतांश डिसेंबरअखेर ४८ अंश असतो, २१ मार्चला साडेएकाहत्तर आणि एप्रिलच्या मध्यावर ८१. पुढचा सगळा लेख अशाच आकड्यांवर उभा आहे.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. भर दुपार म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत. आपलं घड्याळ पूर्वेकडच्या, ८२.५ अंश रेखांशावरच्या वेळेने चालतं आणि पुणे त्याच्या बरंच पश्चिमेला आहे. त्यामुळे पुण्यात सूर्य माथ्यावर येतो तो साडेबाराच्या आसपास, आणि मार्चच्या सुरुवातीला तर पावणेएकला. बऱ्याच शाळांत नेमकी हीच पोषण आहाराची वेळ असते.

भिंतीची सावली, छपराची सावली

पोराच्या जागी आता १२ फूट उंचीची शाळेची खोली ठेवू. डिसेंबरात भर दुपारी तिची सावली उत्तरेकडे पावणेअकरा फूट पसरते. मार्चच्या पहिल्या आठवड्यात पावणेसहा फूट आणि एप्रिलच्या मध्यावर दोन फुटांपेक्षाही थोडी कमी. वर दुसरा मजला चढवून इमारत २४ फुटांची केली, तरी एप्रिलात सावली पावणेचार फूटच मिळेल. लाखो रुपये घालून दोन फूट सावली.

म्हणून उन्हाळ्यातल्या दुपारी सावली मिळते ती डोक्यावर आडवं काही असेल तरच. मग ते छप्पर असो, छज्जा असो, मांडव असो किंवा झाड असो. भिंतीची सावली सकाळी आणि तिसऱ्या प्रहरी कामाला येते, कारण तेव्हा ऊन तिरपं असतं. आपल्याकडच्या चौसोपी वाड्यात चौकाच्या चारही बाजूंनी सोपे असतात ते उगाच नाहीत. चौक मधोमध उघडा आणि माणसं कडेच्या आडव्या छपराखाली, अशी ती रचना आहे. शाळा बांधताना आपण चौक घेतला, मैदान घेतलं, आणि सोप्याच्या जागी पाच-सहा फुटांचा व्हरांडा काढून मोकळे झालो.

व्हरांडा किती रुंद हवा? पंगत मांडून बघा

व्हरांड्याची रुंदी बहुतेक वेळा ‘ये-जा करता येईल एवढी’ म्हणून ठरते. पण मराठी शाळेत तिथे नुसती ये-जा होत नाही. तिथे चपला सुटतात, पाऊस असला की परिपाठ होतो आणि रोज दुपारी खिचडीची पंगत बसते.

पंगतीचा हिशोब सोपा आहे. मांडी घातलेलं मूल आणि त्याच्या पुढची ताटली मिळून तीन फूट जागा लागते. समोरासमोर दोन रांगा बसवल्या तर सहा फूट झाले, आणि मधून बादली घेऊन वाढत जायला मावशींना दोन फूट. एकूण आठ फूट. सहा फुटांच्या व्हरांड्यात एकच रांग नीट बसते. दुसरी बसवली तर मावशींना ताटल्यांवरून पाय उचलत जावं लागतं, हातात गरम भांडं असताना.

आता पुणे जिल्ह्यातल्या एका शाळेचा हिशोब करू. नाव सांगत नाही. शाळा ‘एल’ आकाराची आहे. एक ओळ पटांगणाच्या उत्तरेला, म्हणजे तिचा व्हरांडा दक्षिणेकडे तोंड करून. ही ओळ ९० फूट लांब आहे. दुसरी ओळ पटांगणाच्या पूर्वेला, तिचा व्हरांडा पश्चिमेकडे तोंड करून. दोन्हीकडे व्हरांडा आठ फूट रुंद आहे. म्हणजे रुंदी चांगली आहे. घोटाळा उंचीत आहे: व्हरांड्याच्या स्लॅबची बाहेरची कड फरशीपासून ११ फुटांवर आहे, कारण खोलीचा स्लॅब तसाच सरळ पुढे काढलेला आहे.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी तिथे पावणेएकला उभा होतो. दक्षिणेकडे तोंड केलेल्या व्हरांड्यात ऊन कडेपासून पाच फूट आत आलेलं होतं. भिंतीकडची रांग सावलीत बसली होती. कडेकडची रांग पूर्ण उन्हात होती आणि तिच्यातल्या मुलांनी ताटल्या मांडीवर घेऊन हळूहळू आत सरकत मधली वाट बुजवून टाकली होती. फरशीवर ऊन आणि सावलीची रेघ अगदी स्पष्ट होती आणि एका मुलीने आपले पाय त्या रेघेच्या आत ओढून घेतले होते.

हिशोबही तेच सांगतो. त्या दिवशी भर दुपारचा उन्नतांश साडेचौसष्ट अंश असतो. त्या उतारावर ११ फुटांच्या कडेवरून येणारं ऊन सव्वापाच फूट आत शिरतं. तीच कड आठ फुटांवर असती तर ऊन पावणेचार फुटांत थांबलं असतं. म्हणजे रुंदी न वाढवता, फक्त कड तीन फूट खाली आणून दीड फूट सावली वाढली असती. कडेला आणखी दोन फुटांचा छज्जा काढला असता, तर आतलं ऊन पावणेदोन फुटांवर आलं असतं आणि दोन्ही रांगा थोडं आत सरकून सावलीत बसल्या असत्या.

‘पण उंच छत थंड असतं ना?’

खोलीत असतं. गरम हवा वर जाते आणि छत उंच असलं की ती डोक्यापासून लांब राहते. वर झरोके असतील तर बाहेरही पडते. म्हणून वर्गाचं छत उंच असावं हे बरोबरच आहे. व्हरांड्याचं काम मात्र वेगळं आहे. तिथे हवा तशीही मोकळीच असते, अडवायचं असतं ते ऊन, आणि ते अडवते बाहेरची कड. कड जितकी उंच तितकं ऊन आत.

जुन्या घरांच्या ओसरीत शिरताना मोठ्या माणसाला मान थोडी वाकवावी लागते. पागोळ्या गळतात ती कड मुद्दाम खाली आणलेली असते. शाळेत एवढं खाली यायची गरज नाही, आठ फूट पुरेत. साडेपाच फुटांचे गुरुजी आणि पावणेचार फुटांचं पोर, दोघांच्याही डोक्यावर भरपूर जागा राहते. अकरा फुटांचा व्हरांडा फोटोत भव्य दिसतो, पण ती भव्यता जिल्ह्याच्या ठिकाणच्या कचेरीला शोभणारी आहे. पहिलीच्या मुलाला ती जागा आपली वाटत नाही आणि त्याच्या डोक्यावर ऊनही येतं. माप चुकलं की उजेडही चुकतो, हे मला त्या व्हरांड्यात उभं राहून पहिल्यांदा नीट कळलं.

याच नजरेने त्या शाळेत इतर मापंही बघितली. हात धुण्याच्या नळांचा ओटा तीन फूट उंच होता. पहिलीच्या मुलाचं कोपर सव्वादोन फुटांवर असतं, म्हणजे त्याला हात छातीच्या वर उचलावे लागतात आणि पाणी कोपरावरून उलटं बाहीत जातं. भिंतीकडची सगळी मुलं ओल्या बाह्यांनी जेवत होती. पायरी सात इंचांची होती, सहाची हवी होती. आणि जोतं दीड फूट असूनही रॅम्प जेमतेम नऊ फुटांचा. रॅम्पचा नियम असा, की एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते. दीड फुटाला अठरा फूट हवेत. नऊ फुटांच्या रॅम्पवरून चाकाची खुर्ची एकट्याने वर नेता येत नाही, आणि उतरताना ती हातातून सुटते. शिक्षणहक्क कायद्याने अडथळ्याविना प्रवेश बंधनकारक केला आहे. तपासणीत ‘रॅम्प आहे’ अशी खूण होते, पण त्याची लांबी कुणी मोजत नाही.

कोणती ओसरी कोणत्या वेळी चांगली

चौकातल्या चार बाजूंपैकी भर दुपारसाठी सगळ्यांत चांगली बाजू उत्तरेकडे तोंड केलेली. सप्टेंबरपासून एप्रिलपर्यंत भर दुपारी सूर्य आपल्या दक्षिणेला असतो, त्यामुळे अशा व्हरांड्यात तेव्हा ऊन शिरतच नाही. मे ते जुलै सूर्य थोडा उत्तरेला सरकतो, पण तो इतका डोक्यावर असतो की भर दुपारी ऊन फूटभरही आत येत नाही. नवी शाळा बांधायची असेल आणि पंगतीसाठी एकच बाजू निवडायची असेल, तर मी ही निवडीन. अशी ओळ पटांगणाच्या दक्षिण कडेला बसते, म्हणजे बऱ्याचदा रस्त्याच्या बाजूला. मग इमारतीची पाठ रस्त्याकडे येते आणि ती गावातल्या लोकांना आवडत नाही. दर्शनी बाजू रस्त्याकडे हवी, नाव ठळक दिसावं, असा आग्रह असतो. नाव पाठीमागच्या भिंतीवरही रंगवता येतं.

सगळ्यांत वाईट बाजू पश्चिमेची. त्या शाळेतल्या पूर्वेकडच्या ओळीचा व्हरांडा असाच आहे. मार्चच्या मध्यावर दुपारी चारला उन्नतांश ३७-३८ अंशांवर उतरलेला असतो. आठ फुटांची कड असती तरी ऊन दहा फूट आत आलं असतं, म्हणजे आठ फुटांचा व्हरांडा पूर्ण व्यापून भिंतीवर दीड फूट चढलं असतं. तिथे कड अकरा फुटांवर असल्यामुळे ते साडेचार फूट चढतं आणि दारातून थेट वर्गात येतं. चौथीच्या वर्गात शेवटच्या तासाला दाराजवळचे तीन बाक रिकामे दिसले. बाईंनी मुलांना पलीकडे दाटीने बसवलं होतं.

तिरप्या उन्हाला आडवं छप्पर अडवू शकत नाही. त्याला उभं काही लागतं: जाळीची भिंत, बांबूची चटई, वेलीचा मांडव किंवा समोर दहा-पंधरा फुटांवर झाडांची रांग. जाळी विटांची केली तर भोकं चार इंचांपेक्षा लहान ठेवायची, नाहीतर लहान मूल त्यात डोकं घालतं.

सकाळच्या शाळेत हिशोब उलटा होतो

उन्हाळा वाढला की शाळा सकाळची होते. २०२५ मध्ये तर मार्चअखेरीस राज्यभर एकच सकाळचं वेळापत्रक लावायचा आदेश निघाला आणि परीक्षाही एप्रिलच्या शेवटापर्यंत गेल्या. म्हणजे एप्रिलात मुलं शाळेत असतात, पण सात ते साडेअकराच्या दरम्यान.

या वेळात भिंती कामाला येतात. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सकाळी आठला उन्नतांश फक्त २२ अंश असतो. पटांगणाच्या पूर्वेला असलेल्या १२ फुटांच्या ओळीची सावली तेव्हा पश्चिमेला ३० फूट पसरते. सव्वासातला तर ती ६० फूट असते. परिपाठाला दोन मुलांमध्ये हातभर अंतर ठेवलं तरी एका मुलाला साधारण सहा चौरस फूट पुरतात. १२० मुलांना ७२० चौरस फूट लागतील आणि तीस फुटांच्या सावलीत ते सहज मावतात. त्या शाळेत मात्र परिपाठ ध्वजकट्ट्यासमोर, पटांगणाच्या पार पश्चिमेला होत होता, कारण कट्टा तिथे आहे. मुलं उन्हात, तोंड पूर्वेला, डोळे बारीक केलेले. वीस पावलांवर अख्खी सावली रिकामी पडलेली. रांगा फक्त हलवायच्या होत्या, पैसा लागणार नव्हता.

अकरा वाजता तीच सावली साडेपाच फुटांवर येते. म्हणून सकाळच्या शाळेत खेळाचा तास पहिला ठेवावा, शेवटचा ठेवू नये.

‘मग पत्र्याची शेड टाकून टाकू’

हा उपाय सगळ्यांत आधी सुचतो आणि निधीही लवकर मिळतो. पत्रा ऊन अडवतो हे खरं, पण तो स्वतः तापतो आणि खालच्या माणसावर ती उष्णता सोडतो. हात दोन फूट वर धरला तरी ती झळ जाणवते. पत्रा टाकायचाच असेल तर तो उंच ठेवावा, वरून पांढरा रंगवावा आणि खाली हातभर अंतर सोडून बांबूची चटई किंवा दुसरं छत द्यावं, म्हणजे मधून वारा वाहील. पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोमधल्या गांदो गावात वास्तुविशारद फ्रान्सिस केरे यांनी २००१ मध्ये बांधून पूर्ण केलेल्या प्राथमिक शाळेत हेच केलं आहे. खाली मातीच्या विटांचं छत, त्याच्या वर लोखंडी सांगाड्यावर उचललेला पत्रा, आणि दोघांच्या मधून वाहणारी हवा. तिथलं ऊन आपल्या मराठवाड्यासारखंच आहे.

पेव्हर ब्लॉकबद्दलही हेच. पटांगणात चिखल होऊ नये म्हणून ते सगळीकडे बसवतात. दुपारी त्यावर अनवाणी पाय ठेवून बघा. तापलेल्या जमिनीलगतची हवा सगळ्यांत गरम असते आणि पहिलीच्या मुलाचं नाक मोठ्या माणसाच्या छातीपेक्षा खाली असतं. आपल्याला जे ऊन ‘बरं’ वाटतं, ते त्याला तसं नसतं. गेटपासून पायरीपर्यंत आणि नळाभोवती ब्लॉक बसवावेत. बाकी माती, मुरूम राहू द्यावा.

‘झाडं लावली तर मैदान उरत नाही’

कबड्डीचं मोठं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असतं. त्याच्या पश्चिम कडेला ३० फुटांच्या झाडांची रांग असेल, तर मार्चच्या मध्यावर चार वाजता शेंड्याची सावली जवळपास ३७ फूट, म्हणजे सव्वाअकरा मीटर पूर्वेकडे जाते. मैदानाची एक इंचही जागा न घेता खेळाच्या वेळी त्याची रुंदी सावलीखाली येते. झाडं मैदानात लावायचीच नाहीत, त्याच्या पश्चिमेला लावायची.

कोणतं झाड, हाही प्रश्न आहे. शाळांत गुलमोहर फार लावतात, तो फुलतो सुंदर. पण नेमकं उन्हाळ्यात त्याची पानं झडलेली असतात, मुळं वरवर राहतात आणि वादळात फांद्या मोडतात. मुलांच्या डोक्यावर तो नको. कडुनिंब फाल्गुनात पानं टाकतो, पण पाडव्याला आपण त्याची कोवळी पालवी खातो, म्हणजे चैत्रात तो पुन्हा भरलेला असतो. भिंतीपासून पंधरा-वीस फूट लांब लावला तर जोत्यालाही धोका राहत नाही. त्याला मोठं व्हायला वर्षं लागतात, तोवर बांबूचा मांडव आणि दुधी-दोडक्याचे वेल चालतात.

जुनी शाळा फिरवता येत नाही, मग?

त्या शाळेत आम्ही काय ठरवलं ते सांगतो. उत्तरेच्या ओळीच्या मागे कुंपणापर्यंत पंधरा फुटांची पट्टी पडून होती. स्वयंपाकाच्या मावशी दुपारी तिथेच जाऊन बसायच्या, कारण मार्चच्या पहिल्या आठवड्यातही तिथे पावणेसहा फूट सावली असते. जागेची पारख त्यांनी आमच्या आधीच केलेली होती. त्या बाजूला आठ फूट रुंद आणि कडेला आठ फूट उंच अशी पडवी काढायची, खाली शहाबादी फरशी, आणि पंगत तिकडे न्यायची. पश्चिमेच्या व्हरांड्याला कडेवरून तीन फूट खाली येणारी बांबूची चटई. नळाचा ओटा तसाच, पण त्याच्या पुढे एक फूट उंच पायरी आणि बाजूला दोन फुटांवर दोन वेगळे नळ. रॅम्प दुप्पट लांब करून मध्ये वळण.

परिपाठ तर दुसऱ्या दिवसापासूनच पूर्वेच्या ओळीसमोर होऊ लागला. ध्वजकट्टा जिथे होता तिथेच आहे, मुलं आता सावलीत उभी राहून त्याच्याकडे बघतात. मुख्याध्यापकांनी भिंतीवर खडूने रोज सकाळी आठच्या सावलीची रेघ मारायला सहावीच्या मुलांना सांगितलं आहे. जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा ती रेघ कुठवर सरकली असेल, यावर त्यांच्यात आत्ताच पैज लागली आहे.